चेहरा एकच हवा, पण कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात माझ्या आजीचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. तिचे माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, सासर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. 1972 च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती, नुकतेच लग्न झालेले होते, आणि ती पाझर तलावाच्या कामावर जात होती. खडी फोडली, घमेली उचलली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. हे सगळे तिने मला इतक्या वेळा सांगितले आहे, की मला ते डोळ्यांपुढे दिसते. पण त्या कामावर कोणी फोटोग्राफर आला असेल, तर तो निदान आजीसमोर उभा राहिला नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी मी ठरवले, की आजीची ही हकीकत बारा चित्रांत मांडायची. मागे तिचाच आवाज, पुढे पडद्यावर एकामागून एक चित्रे, मधूनमधून एखादे चित्र चार-पाच सेकंद हलेल. मला चित्र काढता येत नाही. पण शब्द लिहिले की चित्र तयार करून देणारी यंत्रे आता आली आहेत, आणि सांगलीत माझ्या मावसभावाच्या संगणकावर असा एक कार्यक्रम चालतो. मला वाटले, दोन रविवारचे काम आहे. प्रत्यक्षात अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत मी जे शिकले आणि ज्या मताला आले, ते इथे मांडते.

पहिल्या दिवशी मी लिहिले: पंधरा वर्षांची सावळी मुलगी, गोल चेहरा, नऊवारी लुगडे, कपाळावर कुंकू, हनुवटीवर गोंदण, डोक्यावर घमेले, मागे माळरान. चित्र आले. सुंदर होते. मग तेच वर्णन ठेवून ‘डोक्यावर घमेले’ ऐवजी ‘बसून खडी फोडते आहे’ असे लिहिले. तेही सुंदर होते, पण त्यात दुसरीच मुलगी बसली होती. तिसऱ्यात तिसरी. संध्याकाळपर्यंत बारा चित्रे झाली आणि त्यांत बारा मुली झाल्या. चौथ्या चित्रात लुगड्याचा काष्टा जाऊन सहावारी साडी आली. सातव्यात हनुवटीवरचे गोंदण गालावर गेले. नवव्यात माझी आजी एखाद्या नटीएवढी उंच झाली. मी ती बारा चित्रे मोबाईलवर घरी नेली. आजीने चष्मा लावून एकेक चित्र पाहिले आणि विचारले, “ह्या कुणाच्या गं पोरी?”

हा प्रश्न विनोदाचा नाही. त्यात सगळे दुखणे आहे.

असे का होते, ते मला मावसभावाने दाखवले. पूर्वी टीव्हीवर केंद्र बंद झाले की पडद्यावर मुंग्या येत, तशा मुंग्यांपासून हे यंत्र सुरुवात करते. मग पायरीपायरीने त्या मुंग्या कमी करत नेते आणि आपण लिहिलेल्या शब्दांच्या रोखाने त्यातून चित्र उभे करते. दुसरे चित्र मागितले की दुसऱ्या मुंग्या आणि पुन्हा पहिल्यापासून काम. मागच्या चित्रात कोण होते हे त्याला माहीत नसते, कारण त्याच्याजवळ ‘कोणी’ नसतेच. नाटकात नट पहिल्या अंकात होता तोच तिसऱ्या अंकात येतो. इथे प्रत्येक प्रवेशाला नवा नट येतो, आणि तो फक्त सांगितलेल्या वर्णनात बसला म्हणजे झाले. ‘सावळी, गोल चेहऱ्याची, पंधरा वर्षांची’ या वर्णनात आपल्या दोन जिल्ह्यांतच किती मुली बसतील! म्हणजे बाराही चित्रांत यंत्राने माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती. चूक आज्ञेतच होती. शब्दांनी माणसाचा प्रकार सांगता येतो, माणूस सांगता येत नाही.

यावर सगळे जण पहिला उपाय सांगतात तो सीडचा. सुरुवातीच्या मुंग्या कोणत्या घ्यायच्या हे एका आकड्याने ठरते, त्याला सीड म्हणतात. तो आकडा कायम ठेवला तर चेहरा कायम राहील, असे मलाही सांगण्यात आले. मी करून पाहिले. आकडा तोच आणि शब्द तेच असतील तर चित्रही तेच येते, हे खरे. पण मला तेच चित्र नको होते; तीच मुलगी दुसरे काम करताना हवी होती. ‘उभी’चे ‘बसलेली’ केले, की त्याच मुंग्यांतून निराळी रचना निघते आणि चेहराही तिच्याबरोबर सरकतो. पहिल्या चित्रात जिथे चेहरा होता तिथे दुसऱ्यात घमेल्याची कड आली. सीड सबंध चित्राला धरून ठेवतो. चेहऱ्याला तो वेगळा ओळखत नाही.

खरा उपाय म्हणजे शब्दांऐवजी चित्राचाच आधार देणे. आजची बरीच यंत्रे वर्णनाबरोबर एक-दोन आधारचित्रे घेतात, आणि त्यातल्या चेहऱ्याची ठेवण नव्या चित्रात उतरवतात. पण आधारचित्र कोणते द्यायचे, इथे माझी गाडी अडली. पहिल्या दिवशीच्या बारांपैकी एखादी मुलगी निवडून तिलाच पुढे चालवणे सगळ्यांत सोपे होते. माझ्या एका मैत्रिणीने तेच सुचवले. “सगळीकडे एकच दिसली म्हणजे झालं. तुझी आजी पंधराव्या वर्षी कशी होती, हे कुणी पाहिलंय?”

मी तसे केलेही. सहावी मुलगी मला आवडली होती. तिला आधार धरून बारा चित्रे केली आणि या वेळी ती पुष्कळशी एकसारखी आली. ती घरी दाखवली, तेव्हा माझा आठ वर्षांचा भाऊ एकदम म्हणाला, “आजी अशी होती व्हय?” आणि मला धस्स झाले. बारा वेगवेगळ्या मुली होत्या तोपर्यंत घरात कुणाची फसगत झाली नव्हती. कुणालाही कळत होते, की हे यंत्राचे खेळ आहेत. चेहरा एक झाल्याबरोबर ते खरे वाटू लागले. तो मुलगा मोठा होईल, आजी एक दिवस नसेल, आणि त्याच्या मनात आजीचे तरुणपण म्हणून तो गोरटा, लांबट नाकाचा, कुणाचाच नसलेला चेहरा कायमचा बसेल. आम्हा लोकांकडे जुने फोटो नसतात. ज्यांच्या भिंतीवर पणजोबांचे तैलचित्र आहे त्यांचे यंत्राच्या चेहऱ्याने काही बिघडणार नाही. आमच्याकडे ती जागा रिकामी आहे, आणि रिकाम्या जागेत जे पहिले बसेल तेच खरे ठरेल.

म्हणून माझे पहिले मत असे आहे: सारखेपणाची खटपट सुरू करण्याआधी चेहरा खरा आहे का, हे ठरवले पाहिजे. यंत्र चुकीचा चेहराही तितक्याच इमानाने सांभाळते.

आजीचा सगळ्यांत जुना फोटो म्हणजे काकांच्या लग्नातला घोळक्याचा फोटो. त्यात ती तिशीच्या आसपासची आहे आणि तिचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा आहे. तो मी जास्तीत जास्त बारकाईने स्कॅन करून घेतला. त्यावरून नाकाची रुंदी, भुवयांमधले अंतर, हनुवटी आणि डोळ्यांची ठेवण मिळाली. आजचे तिचे चार फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढले. त्यातून गोंदणाची नेमकी जागा मिळाली: कपाळावर कुंकवाच्या खाली एक ठिपका आणि हनुवटीवर तीन. मग यंत्राकडून पंधरा वर्षांच्या मुलीचे चेहरे करून घेतले आणि आजीपुढे एकेक ठेवले. ती सांगत गेली. “नाक एवढं सरळ न्हवतं.” “ही लई उजळ हाय.” “गाल बसल्यालं हुतं माझं, दुस्काळ हुता का नव्हता?” गोल चेहरा हे माझे वर्णन आजच्या आजीवरून घेतलेले होते. दुष्काळातल्या मुलीचा चेहरा गोल कसा असेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तीन आठवड्यांनी एका चित्राकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ही माज्या धाकल्या भैनीसारखी दिसती.” ते चित्र मी पक्के केले. बहिणीसारखी म्हणजे घराण्याची ठेवण तरी जुळली.

आता त्या एका चित्रावरून एक तक्ता तयार केला. समोरून, अर्ध्या वळणातून, बाजूने आणि पाठीमागून असे चार देखावे, शिवाय डोक्यापासून पायापर्यंत एक पूर्ण आकृती. मागे काही नाही, उजेड सगळीकडून सारखा. उजेडाचे महत्त्व मला उशिरा कळले. आधारचित्रात एका गालावर सावली असेल तर यंत्र ती सावली चेहऱ्याचाच भाग समजते, आणि भर दुपारच्या चित्रातही तो गाल काळा करते. बाजूचा देखावाही असाच महत्त्वाचा. समोरचा फोटो एकटा दिला तर नाक बाजूने किती पुढे येते हे त्यात नसतेच. यंत्र ते दर वेळी अंदाजाने ठरवते आणि प्रत्येक अंदाज वेगळा निघतो.

इथे मी एक मोठी चूक केली, ती सांगते. पहिला शॉट तक्त्यावरून केला. दुसऱ्यासाठी आधार म्हणून पहिला शॉट दिला, तिसऱ्यासाठी दुसरा. मला वाटले, साखळी राहील तर सारखेपणा राहील. सहाव्या शॉटपर्यंत मुलगी दोन छटा उजळली होती, नाक बारीक झाले होते, ओठांचा आकार बदलला होता. लागून असलेले दोन शॉट पाहिले तर फरक दिसत नाही. पहिला आणि सहावा शेजारी ठेवले की दिसतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की अक्षरे जाड होत जातात, तसे हे आहे. फरक एवढाच, की इथली झीज ठरावीक दिशेने होते. यंत्राने शिकताना जे चेहरे जास्त पाहिले त्यांच्या बाजूला, म्हणजे उजळ, गुळगुळीत, जाहिरातीतल्या चेहऱ्याच्या बाजूला ते प्रत्येक वेळी थोडे ओढते. म्हणून नियम असा, की प्रत्येक शॉट मूळ तक्त्यावरूनच करायचा. भावाने भावावर न जाता प्रत्येकाने आईवर जायचे.

चेहऱ्याइतकाच त्रास लुगड्याने दिला. यंत्राने सहावारी साड्या अमाप पाहिलेल्या आहेत, कष्टकरी बाईचे काष्टा घातलेले नऊवारी फार थोडे. त्यामुळे ‘नऊवारी’ हा शब्द वाचून ते एकतर लग्नातली पैठणी नेसवते किंवा काष्टा विसरते. बाई खाली बसली, वाकली, पाठमोरी झाली की हमखास विसरते. शब्द वाढवून उपयोग झाला नाही. शेवटी आजीने स्वतः माझ्या चुलतीला आपले जुने इरकली लुगडे नेसवले, कामावर जाताना नेसत तसे घोट्याच्या वर खोचून, पदर कमरेला बांधून. गच्चीवर मी तिचे समोरून, बाजूने, मागून आणि बसलेले असे फोटो घेतले. ते लुगड्याचे आधारचित्र झाले. चेहऱ्याचा आधार वेगळा आणि कपड्याचा वेगळा ठेवला.

तरीही काठ दर चित्रात रुंद-अरुंद होत होता आणि चोळीच्या खणावरची नक्षी बदलत होती. तेव्हा मी नक्षीचा हट्ट सोडला. लुगडे एका रंगाचे विटके निळे, काठ एकच लाल पट्टी, चोळी साधी, आणि डाव्या मांडीवर एक चौकोनी ठिगळ. बारीक नक्षी यंत्राला सांभाळता येत नाही. मोठी, ठळक, मोजकी खूण सांभाळता येते. आणि पाहणारा माणूसही त्याच खुणेवर माणूस ओळखतो. आपल्या कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी कागदी चित्रांच्या पोथ्या दाखवून रामायण-महाभारतातल्या कथा गात आले आहेत. त्यांतले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. अशा पोथीत एकच पात्र अनेक कागदांवर येते आणि समोर बसलेला प्रेक्षक ते क्षणात ओळखतो. चेहरेपट्टी मोजून नव्हे, तर रंग, मुकुट, डोळ्यांची धाटणी अशा ठरलेल्या खुणांवरून. ठिगळाची कल्पना मला त्यावरून सुचली. आजीला विचारले, तर ती हसून म्हणाली, “ठिगळं काय, चार हुती. येक काय घिऊन बसलीस?”

तिसरी गोष्ट अंगाच्या मापाची. चेहरा जुळला, लुगडे जुळले, तरी दोन शॉट शेजारी ठेवले की काहीतरी खटकत राही. मग मी मोजायला लागले. चित्रकलेत शरीराची उंची डोक्याच्या मापात सांगतात. मोठे माणूस साधारण साडेसात डोकी उंच असते. आमची पंधरा वर्षांची बुटकी मुलगी तक्त्यात पावणेसात डोक्यांची धरली होती. पट्टी लावून पाहिले, तर एका शॉटमध्ये ती साडेपाच डोक्यांची, म्हणजे लहान पोर झाली होती आणि दुसऱ्यात आठ डोक्यांची. आठचे कारण सापडले तेव्हा हसू आले. उभे राहण्याची, वाकण्याची ढब यंत्राला सांगण्यासाठी एखाद्या माणसाचा फोटो देता येतो. त्यातून ते सांध्यांचा एक सांगाडा काढते आणि नवे चित्र त्यावर बसवते. मी घमेले उचलण्याची ढब मावसभावाकडून करून घेतली होती, आणि तो सहा फूट आहे. सांगाड्याबरोबर त्याचे लांब पायही आजीला लागले. पुढचे सगळे फोटो मी स्वतःचे काढले. माझी उंची आजीएवढीच आहे.

उंचीसाठी दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये माहितीच्या मापाची एखादी वस्तू असणे. आमच्याकडे घमेले होते. मुलीच्या खांद्यांच्या रुंदीशी घमेल्याची रुंदी ताडून पाहिली की ती वाढली की आकसली, हे लगेच कळते.

लांबून घेतलेल्या शॉटची अडचण निराळी आहे. तलावाच्या भरावावर मजुरांची रांग, त्यात आजी, असे एक चित्र मला फार हवे होते. त्यात तिचा चेहरा दर वेळी मेणासारखा वितळलेला येई. कारण साधे आहे. मी वापरले त्या प्रकारचे यंत्र चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन धरून आत काम करते. हजारभर ठिपके रुंदीच्या चित्रात तिचा चेहरा जेमतेम 48 ठिपक्यांचा होता, म्हणजे यंत्राच्या हाती त्यासाठी आडवे सहा आणि उभे सहा, एवढेच चौकोन होते. तेवढ्यात नाक, डोळे आणि तीन ठिपक्यांचे गोंदण कुठून मावणार? उपाय असा, की चेहऱ्याचा तुकडा कापून मोठा करायचा, तेवढाच तक्त्यावरून पुन्हा करून घ्यायचा आणि लहान करून जागेवर बसवायचा. तो केला, आणि जमलाही. पण नंतर मला वाटले, भरावावरच्या बाईचा चेहरा दुरून आपल्यालाही दिसत नाहीच. मग चित्रात दिसायचा हट्ट कशाला? शेवटी ठेवलेल्या चित्रात ती पाठमोरी आहे. निळे लुगडे, लाल काठ, डोक्यावर चुंबळ आणि घमेले. कुणीही ओळखते.

हलणाऱ्या चित्रांबद्दल एवढेच सांगते, की ती स्थिर चित्रावरूनच करून घ्यावीत आणि लहान ठेवावीत. मुलगी मान वळवून पलीकडे पाहते आणि पुन्हा इकडे वळते, असे एकदा करून पाहिले. वळताना चेहरा नजरेआड गेला आणि परत आला तो दुसऱ्याच मुलीचा होता. म्हणून माझ्या तुकड्यांत ती हातोडा मारते, घाम पुसते, पदर सारखा करते. तोंड फिरवत नाही.

एवढे करून शेवटी तपासायचे कसे? सबंध चित्रे पाहून तपासू नये. माळरान, ऊन, माणसे यांत आपण गुंगतो आणि चेहऱ्याला सूट देतो. मी बाराही चित्रांतले चेहरे कापले, सगळे एकाच आकाराचे केले आणि एका कागदावर तीन ओळींत छापले. मग दोन डोळ्यांमधले अंतर आणि नाकापासून हनुवटीपर्यंतचे अंतर यांचे प्रमाण प्रत्येकात पाहिले, पण समोरच्या चेहऱ्याची तुलना समोरच्याशीच केली, कारण मान वळली की हे प्रमाण आपोआप बदलते. गोंदणाचे ठिपके मोजले. हसऱ्या चेहऱ्यात गाल वर जातात आणि डोळे बारीक होतात, तिथे मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे आजीच्या डोळ्यांवर ठेवला. तिला कागद दिला आणि म्हटले, “ह्यात परकी कोण, त्येवढ्या सांग.” तिने चार दाखवल्या. त्यांतल्या दोन माझ्या मोजमापात अगदी बरोबर बसत होत्या. त्या का परक्या, हे तिला सांगता आले नाही आणि मलाही कळले नाही. तरी मी चारही काढल्या. त्यांच्या जागी दोन पाठमोरे शॉट, एक नुसत्या हातांचा आणि एक खडीच्या ढिगाशेजारी ठेवलेल्या पितळी डब्याचा घातला.

आमच्या एका सरांनी या सगळ्यावर आक्षेप घेतला. ते म्हणाले, “एवढ्या खटाटोपापेक्षा वर्गातल्या एखाद्या मुलीला लुगडं नेसवून फोटो काढले असते, तर चेहरा आपोआप एकच राहिला असता.” सरांचे म्हणणे चूक नाही. दोन-तीन शॉटपुरते काम असते तर मी तेच केले असते, आणि इतरांनाही तेच सांगेन. पण वर्गातली मुलगी ही वर्गातली मुलगीच दिसली असती. 1972 चा भराव, दोनशे मजूर, तो दुष्काळ मी कुठून आणला असता? शिवाय या खटाटोपात एक गोष्ट झाली, जी एरवी झाली नसती. चित्रे चुकत गेली म्हणून आजी दुरुस्त करत गेली, आणि दुरुस्त करता करता तिने असे पुष्कळ सांगितले जे तिच्या नेहमीच्या गोष्टीत कधी आले नव्हते. गाल बसलेले होते हे, आणि ठिगळे चार होती हेही.

मैत्रिणीच्या म्हणण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. ‘कुणी पाहिलंय?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरी खाटेवर बसलेले आहे. ज्यांच्या घरी ते अजून आहे त्यांनी यंत्राला विचारण्याआधी त्याला विचारावे. आणि ज्यांच्या घरी कुणी उरले नाही त्यांनी चेहरा न दाखवण्याचा पर्याय जरूर विचारात घ्यावा. पाठमोरी आकृती खोटे बोलत नाही.

आणखी एक. ही चित्रे पडद्यावर येतील तेव्हा सुरुवातीला नव्हे, तर प्रत्येक चित्राच्या खाली ‘कल्पनाचित्र’ असे लिहिलेले असेल. सुरुवातीची पाटी उशिरा येणाऱ्याला दिसत नाही, आणि मोबाईलवरून एकटेच फिरणाऱ्या चित्रासोबत ती जातही नाही. माझ्या भावालाही मी हेच समजावले. त्याला कितपत कळले ठाऊक नाही.

परवा आजीला सगळी बारा चित्रे तिच्याच आवाजासह दाखवली. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “चांगली हाय पोरगी. पर खाली लिव्हलंय न्हवं, ती मी न्हाय म्हून?”

“लिहिलंय आजी,” मी म्हटले.

“मग दाव समद्यास्नी.”